घटक ४ : शब्दयादीकडून शब्दकुलाकडे
(विद्यापीठ प्रवेशाच्या इंग्रजी चाचणीसाठी शैक्षणिक शब्दसंग्रह)

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• शब्दयादी आणि शब्दकुल यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• एका इंग्रजी शब्दकुलाची अर्थ, रूप, आघात आणि सहप्रयोग या चार अंगांनी उकल करता येईल.
• शब्दकुलावर कोठे विसंबावे आणि कोठे विसंबू नये, हे ओळखता येईल.
• स्वतःची शब्दकुलवही तयार करता येईल.

सूचना : या घटकात इंग्रजी शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्येक शब्दाचे रोमन लेखन शब्दकोशात पाहून आपल्या वहीत स्वतः लिहावे. हा अभ्यासाचाच एक भाग आहे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषयाची पदवी घेतल्यानंतर आपल्यापैकी काही जण पुढील शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करतात. तेव्हा बहुतेक ठिकाणी आयईएलटीएससारख्या इंग्रजी चाचणीचे गुण मागितले जातात. या चाचणीच्या शैक्षणिक प्रकारात वाचनाचे तीन उतारे असतात आणि ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवावे लागतात. लेखनाच्या विभागात एक उत्तर किमान १५० शब्दांचे आणि दुसरे किमान २५० शब्दांचे लिहावे लागते. अशा वेळी शब्दसंग्रह कमी पडतो आहे हे ध्यानी येते आणि विद्यार्थी बाजारातील शब्दयाद्यांकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रात एका विद्यार्थ्याने आपली वही मला दाखवली होती. दिवसभराची नोकरी सांभाळून त्याने सुमारे बाराशे इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ पाठ केले होते. कोणताही शब्द विचारला की अर्थ तत्काळ सांगत असे. ‘व्हेअरी’ या शब्दापुढे त्याने ‘बदलणे’ असा अर्थ लिहिला होता. त्याच्या सराव-निबंधात मात्र एक वाक्य आढळले : ‘माय फादर व्हेअरीड हिज जॉब’. वडिलांनी नोकरी बदलली, असे त्याला म्हणायचे होते. वाक्य चुकले होते, आणि का चुकले हे त्याला उमगत नव्हते, कारण वहीतील अर्थ तर बरोबर होता. पुढे वाचनाच्या उताऱ्यात ‘व्हेअरिएशन’ हा शब्द आला, तेव्हा तो यादीत नाही म्हणून त्याने तो सोडून दिला.

त्या विद्यार्थ्याचे कष्ट कमी पडले नव्हते. शब्द ज्या रीतीने वहीत नोंदवला गेला, त्या रीतीतच दोष होता. हा दोष कोणता आणि तो कसा दूर करावा, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शब्दकुल म्हणजे काय?

मराठी व्याकरणात आपण सिद्ध शब्द आणि साधित शब्द यांचा अभ्यास केला आहे. ‘बदल’ हा शब्द घेऊ. त्यापासून ‘बदलणे’ हे क्रियापद होते, ‘बदलता’ हे विशेषण होते, ‘बदली’ हे नाम होते. ‘हवामानातील बदल’, ‘बदलते हवामान’ आणि ‘हवामान बदलते’ या तीन रचनांत एकच कल्पना तीन रूपांनी येते. वाक्यात जी जागा रिकामी असेल तिला जुळणारे रूप आपण नकळत उचलतो. त्याच वेळी ‘बदली’ म्हणजे नोकरीतील स्थलांतर आणि ‘बदला’ म्हणजे सूड, हेही आपणांस ठाऊक असते. ‘साहेबांचा बदला झाला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे मातृभाषेत आपल्याजवळ सुट्या शब्दांची यादी नसते, तर परस्परांशी नाते असलेल्या शब्दांची कुले असतात. कोणते नाते जवळचे आणि कोणते दूरचे, हेही आपण जाणतो.

इंग्रजीच्या संदर्भात शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द, त्याची वचन-काळानुसार होणारी रूपे आणि उपसर्ग-प्रत्यय लागून झालेले त्याचे निकटचे साधित शब्द. लॉरी बाउअर आणि पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या नात्याच्या सात पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द मानले जाते. त्यानंतर क्रमाने अनेकवचन, भूतकाळ यांसारखी रूपे, मग नियमित व पुष्कळ वापरातील प्रत्यय, मग कमी नियमित प्रत्यय येतात. सातव्या पातळीवर लॅटिन आणि ग्रीक धातू येतात. ही शेवटची पायरी वेगळी का ठेवली आहे, हे आपण ४.३.५ मध्ये पाहू.

४.३.२ कोणती शब्दकुले अभ्यासावीत?

इंग्रजीतील शब्दकुले असंख्य आहेत. त्यांतून निवड करण्यासाठी न्यूझीलंडमधील संशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ उपयोगी पडते. ती २००० साली प्रसिद्ध झाली. त्यासाठी कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतील एकूण २८ विषयांचे सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन तपासले. सर्वसाधारण इंग्रजीतील सर्वाधिक वापराची सुमारे दोन हजार शब्दकुले त्यांनी आधीच बाजूला काढली होती. उरलेल्यांपैकी जी चारही शाखांत आणि निम्म्याहून अधिक विषयांत पुन्हापुन्हा येतात, अशी ५७० शब्दकुले त्यांनी निवडली.

या निवडीचे महत्त्व एका तुलनेतून कळते. कॉक्सहेड यांनी तपासलेल्या शैक्षणिक लेखनातील दर शंभर शब्दांपैकी सुमारे दहा शब्द या ५७० कुलांतील होते. ललित गद्यात हेच प्रमाण शंभरात दीडच्याही खाली उतरले. म्हणून केवळ इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचून हे शब्द पुरेसे भेटत नाहीत.

ही ५७० कुले वारंवारितेनुसार दहा उपयाद्यांत विभागली आहेत. पहिल्या नऊ उपयाद्यांत प्रत्येकी ६० आणि शेवटच्या उपयादीत ३० कुले आहेत. आपण ज्याची उकल करणार आहोत ते ‘व्हेअरी’चे कुल पहिल्याच उपयादीत आहे.

येथे एक शंका येईल. ही सुद्धा यादीच नव्हे काय? होय, निवडीसाठी ती यादीच आहे. मात्र तिच्यातील प्रत्येक नोंद हा पाठ करावयाचा एक शब्द नसून उकलावयाचे एक कुल आहे.

४.३.३ एका कुलाची उकल : ‘व्हेअरी’

(अ) अर्थ. ‘बदलणे’ या मराठी क्रियापदात दोन कल्पना एकत्र आहेत. एखादी गोष्ट आधी एक होती आणि नंतर दुसरी झाली, ही पहिली कल्पना. नोकरी बदलणे, घर बदलणे ही तिची उदाहरणे. यासाठी इंग्रजीत ‘चेंज’ हा शब्द आहे. दुसरी कल्पना अशी, की एकाच प्रकारची गोष्ट स्थळानुसार, काळानुसार किंवा व्यक्तीनुसार कमीजास्त किंवा निरनिराळी असते. ‘भाजीचे भाव बाजाराबाजारात बदलतात’ या वाक्यात कोणताही भाव एका दिवशी बदलला असे म्हणायचे नसते, तर ठिकठिकाणी भाव वेगळे आहेत असे म्हणायचे असते. ‘व्हेअरी’चा गाभा ही दुसरी कल्पना आहे. प्रास्ताविकातील विद्यार्थ्याचे वाक्य चुकले ते यामुळे. वडिलांची नोकरी ‘चेंज’ होते. गावागावांतील पर्जन्यमान ‘व्हेअरी’ होते.

(आ) रूप. या कुलातील महत्त्वाचे सदस्य असे आहेत :

• व्हेअरी (क्रियापद) : निरनिराळे असणे, कमीजास्त होणे.
• व्हेअरीड (विशेषण) : विविध प्रकारचा. ‘व्हेअरीड डाएट’ म्हणजे अनेक प्रकारचे पदार्थ असलेला आहार.
• व्हेअरिएशन (नाम) : तफावत, कमीजास्तपणा.
• व्हेअरिअबल (विशेषण) : अस्थिर, कमीजास्त होणारा. नाम म्हणून याच शब्दाचा अर्थ गणितातील ‘चल’.
• व्हेअरिअबिलिटी (नाम) : कमीजास्त होण्याची प्रवृत्ती.
• व्हेअरिअंट (नाम) : एकाच मूळ गोष्टीचे थोडे निराळे रूप. करोनाच्या काळात हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रोज येत असे. हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण ज्याला ‘पाठभेद’ म्हणतो, त्यासाठीही हाच शब्द वापरतात.
• व्हेअरिअन्स (नाम) : फरक, विसंगती. सांख्यिकीत एका विशिष्ट मापाचे हे नाव आहे.
• इनव्हेअरिअब्ली (क्रियाविशेषण) : प्रत्येक वेळी, न चुकता.

या सदस्यांच्या लेखनात एक नियम दिसतो. मूळ शब्दाच्या शेवटी ‘वाय’ हे अक्षर आहे. प्रत्यय लागताना त्या जागी ‘आय’ येते. फक्त ‘-इंग’ प्रत्ययापूर्वी ‘वाय’ तसेच राहते. हा नियम एकदा समजला की आठ शब्दांचे लेखन वेगवेगळे पाठ करावे लागत नाही. मूळ शब्दातील दुसरे अक्षर ‘ए’ आहे, याकडेही लक्ष द्यावे. ‘अतिशय’ या अर्थाच्या ‘व्हेरी’त त्या जागी ‘ई’ असते. आपल्या उच्चारात हे दोन शब्द सारखेच होतात आणि मग लेखनातही एकाच्या जागी दुसरा येतो.

(इ) आघात. मराठीत शब्दातील एखाद्या अवयवावर जोर दिल्याने सहसा अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत आघात चुकला तर ऐकणाऱ्याला शब्द ओळखता येत नाही आणि श्रवणचाचणीत आपणांसही तो ओळखू येत नाही. ‘व्हेअरी’ आणि ‘व्हेअरिअबल’ यांत आघात ‘व्हेअ’वर आहे. ‘व्हेअरिएशन’मध्ये तो पुढे सरकून ‘ए’वर येतो. ‘व्हेअरिअबिलिटी’त तो ‘बि’वर जातो. कारण शेवटचे प्रत्यय आघात आपल्याकडे ओढतात. ‘-एशन’ प्रत्ययात आघात नेहमी ‘ए’वर असतो आणि ‘-इटी’ प्रत्ययात तो त्याच्या लगतच्या आधीच्या अवयवावर असतो. वहीत आघाताचा अवयव अधोरेखित करण्याची सवय ठेवावी.

(ई) सहप्रयोग. शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो, यास आपण सहप्रयोग म्हणू. क्रियापदाबरोबर ‘व्हेअरी इन साइझ’ (आकाराने निरनिराळे असणे), ‘व्हेअरी विथ एज’ (वयानुसार कमीजास्त होणे) आणि ‘व्हेअरी फ्रॉम प्लेस टु प्लेस’ (ठिकठिकाणी वेगळे असणे) अशा रचना येतात. नामाबरोबर मुख्यतः ‘व्हेअरिएशन इन’ येते. क्रियापदापूर्वी किंवा नंतर ‘ग्रेटली’, ‘कन्सिडरेबली’ अशी क्रियाविशेषणे येतात, तर नामापूर्वी ‘ग्रेट’, ‘कन्सिडरेबल’ अशी विशेषणे येतात. म्हणजे क्रियापदाचे नाम करताना शेजारचा शब्दही आपले रूप बदलतो. विद्यार्थी बहुधा नाम बरोबर लिहितात आणि शेजारी क्रियाविशेषण तसेच ठेवतात. चूक तेथे होते.

४.३.४ परीक्षेत हे ज्ञान कोठे लागते?

वाचनाच्या विभागात प्रश्न उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे क्वचितच वापरतो. समजा, उताऱ्यात असे वाक्य आहे : ‘द अमाउंट ऑफ रेन व्हेअरीज ग्रेटली फ्रॉम यिअर टु यिअर’ (पावसाचे प्रमाण दरवर्षी खूप कमीजास्त होते). त्यावर पुढील विधाने ‘सत्य’, ‘असत्य’ की ‘उताऱ्यात माहिती नाही’ हे ठरवायचे आहे.

पहिले विधान : ‘देअर इज ग्रेट व्हेअरिएशन इन अ‍ॅन्युअल रेनफॉल’ (वार्षिक पर्जन्यमानात मोठी तफावत असते). येथे क्रियापदाचे नाम झाले आणि ‘ग्रेटली’चे ‘ग्रेट’ झाले. आशय तोच आहे. विधान सत्य.

दुसरे विधान : ‘अ‍ॅन्युअल रेनफॉल शोज लिटल व्हेअरिएशन’ (वार्षिक पर्जन्यमानात फारशी तफावत दिसत नाही). आशय उलट आहे. विधान असत्य.

तिसरे विधान : ‘द रेन्स इनव्हेअरिअब्ली बिगिन इन जून’ (पाऊस न चुकता जूनमध्ये सुरू होतो). येथे सापळा आहे. ‘इन-’ हा नकारार्थी उपसर्ग पाहून विद्यार्थी ‘उताऱ्याच्या उलट’ असे समजतो आणि ‘असत्य’ लिहितो. पण उतारा पावसाच्या प्रमाणाविषयी बोलतो, तर विधान पावसाच्या आरंभाविषयी. म्हणून उत्तर ‘उताऱ्यात माहिती नाही’ असे आहे. कुलातील सदस्य ओळखणे पुरेसे नाही, तो कशाविषयी बोलतो हेही पाहावे लागते.

रिकामी जागा भरण्याच्या प्रश्नांत शब्दाची व्याकरणिक जात उपयोगी पडते. रिकाम्या जागेपूर्वी ‘ग्रेट’ असेल तर तेथे नाम हवे, म्हणून उताऱ्यात नामच शोधावे. निम्मा शोध येथेच संपतो. वाचन व श्रवण या दोन्ही विभागांत चुकीचे स्पेलिंग असलेले उत्तर चूक धरले जाते, हेही लक्षात ठेवावे.

लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर होते आणि शब्दसंपदा हा त्यांपैकी एक निकष आहे. त्यात केवळ किती अवघड शब्द वापरले एवढेच पाहिले जात नाही, तर शब्दांची निवड, स्पेलिंग आणि शब्दसिद्धी यांतील चुकाही पाहिल्या जातात. पहिल्या लेखनकार्यात अनेकदा आलेखाचे वर्णन असते. समजा, एखादा आकडा २० पासून ६० पर्यंत सतत वाढत गेला आहे. तेथे ‘व्हेअरीड फ्रॉम ट्वेंटी टु सिक्स्टी’ असे लिहिले, तर आकडा कधी वर, कधी खाली जात होता असा किंवा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा होता असा समज होईल. सतत वाढीसाठी ‘रोझ’ किंवा ‘इन्क्रीझ्ड’ हे साधे शब्दच योग्य होत.

४.३.५ शब्दकुलाच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी, की एक सदस्य ओळखीचा झाला म्हणून बाकीचे आपोआप येत नाहीत. नॉर्बर्ट श्मिट आणि शेरिल बॉइड झिमरमन यांनी २००२ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. दिलेल्या शब्दाची नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण ही चारही रूपे विद्यार्थ्यांना क्वचितच देता आली. नाम व क्रियापद त्यांना तुलनेने बरे येत होते, विशेषण व क्रियाविशेषण कमी येत होते. वाचताना रूप ओळखता येणे आणि लिहिताना ते घडवता येणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

दुसरी मर्यादा : प्रत्यय अंदाजाने लावता येत नाहीत. ‘व्हेअरी’पासून ‘व्हेअरिएशन’ होते, म्हणून ‘रिलाय’ (विसंबणे) पासून तसेच नाम होईल असे वाटते. प्रत्यक्षात तेथे ‘रिलायन्स’ होते. प्रत्ययाचा अर्थही सर्वत्र सारखा नसतो. ‘रिलायबल’ म्हणजे ज्यावर विसंबता येते तो, म्हणजे भरवशाचा. ‘व्हेअरिअबल’ म्हणजे मात्र जो स्वतः कमीजास्त होतो तो. प्रत्यय एकच, पण एकात कर्माचा आणि दुसऱ्यात कर्त्याचा अर्थ आहे.

तिसरी मर्यादा : एकाच कुलातील काही सदस्य अर्थाने दूर गेलेले असतात. ‘प्रोसीड’ म्हणजे पुढे जाणे. त्याच कुलातील ‘प्रोसीजर’ म्हणजे कार्यपद्धती, ‘प्रोसीडिंग्ज’ म्हणजे सभेचे किंवा न्यायालयाचे कामकाज, आणि नाम म्हणून ‘प्रोसीड्स’ म्हणजे विक्रीतून किंवा कार्यक्रमातून मिळालेली रक्कम. ‘बदली’ आणि ‘बदला’ यांच्यासारखीच ही स्थिती आहे. याच कारणाने डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २०१४ मध्ये शैक्षणिक शब्दांची वेगळी सूची करताना शब्दकुलाऐवजी एक शब्द आणि त्याची केवळ व्याकरणिक रूपे हा लहान एकक स्वीकारला. त्यांची हरकत रास्त आहे. आपण तिचा एवढाच अर्थ घ्यावा, की अर्थाने दुरावलेल्या सदस्याची नोंद वहीत स्वतंत्र चौकटीत करावी.

चौथी मर्यादा धातूंची आहे. ‘स्ट्रक्चर’, ‘कन्स्ट्रक्ट’ आणि ‘इन्स्ट्रक्ट’ या तिन्ही शब्दांत ‘रचणे’ या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. परंतु कॉक्सहेड यांच्या यादीत ही तीन स्वतंत्र कुले आहेत आणि तीन निरनिराळ्या उपयाद्यांत आहेत. याचे कारण संस्कृतच्या परिचयामुळे आपणांस सहज कळेल. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द झाले. उपसर्गाचा अर्थ आणि धातूचा अर्थ यांची बेरीज करून ‘आहार’ म्हणजे अन्न, हे कोणास काढता येईल? धातू ठाऊक असल्यास आधीच शिकलेला शब्द स्मरणात ठेवण्यास मदत होते, पण नव्या शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी धातूवर विसंबू नये. बाउअर आणि नेशन यांनी धातूंना सातव्या पातळीवर ठेवले आणि कॉक्सहेड यांनी आपली कुले सहाव्या पातळीपर्यंतच नेली, त्यामागे हाच विचार आहे.

४.३.६ शब्दकुलवहीची पद्धत

नोकरी व घर सांभाळून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आठवड्यास चार कुले घ्यावीत. या गतीने पहिल्या उपयादीतील ६० कुले १५ आठवड्यांत होतात. प्रत्येक कुलास वहीचे एक पूर्ण पान द्यावे.

१. कुल यादीतून उचलण्यापूर्वी त्याचा एखादा सदस्य वाचनात गाठावा आणि ते मूळ वाक्य पानाच्या माथ्यावर उतरवून घ्यावे.
२. इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात सर्व सदस्य पाहावेत. ज्यांना शब्दकोशात उदाहरणवाक्ये दिलेली आहेत असे चार ते सहा सदस्यच निवडावेत. प्रत्येक कुलात चारही जातींचे शब्द असतातच असे नाही. नसलेले रूप घडवू नये.
३. प्रत्येक सदस्यापुढे जात, आघात आणि एक सहप्रयोग लिहावा. मराठी अर्थ एका शब्दात न लिहिता छोट्या वाक्यांशात लिहावा.
४. माथ्यावरील मूळ वाक्याचा आशय कायम ठेवून दुसऱ्या सदस्याने ते पुन्हा लिहावे. क्रियापदाचे नाम करावे किंवा नामाचे विशेषण करावे.
५. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पान झाकून हेच रूपांतर पुन्हा करावे.

चौथी पायरी वेळ घेते, म्हणून विद्यार्थी ती गाळतात. ती गाळली तर वही पुन्हा यादीच बनते. आपली वही यादी बनत आहे काय, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पान झाकून मराठी अर्थ आठवतो, पण वाक्य फिरवता येत नाही, असे झाले तर चौथ्या पायरीकडे परत जावे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

प्रश्न १. ‘चेंज’ की ‘व्हेअरी’? योग्य क्रियापद निवडा.
(अ) तिने गेल्या वर्षी आपला पत्ता बदलला.
(आ) बोलीभाषा दर बारा कोसांवर बदलते.

प्रश्न २. ‘फार्म इन्कम व्हेअरीज कन्सिडरेबली’ (शेतीचे उत्पन्न बरेच कमीजास्त होते) या वाक्याचा आशय ‘देअर इज’ने सुरुवात करून नामाच्या साहाय्याने लिहा.

प्रश्न ३. ‘रिलायबल’ आणि ‘रिलायंट’ यांतील फरक सांगा.

प्रश्न ४. ‘डिफाइन’ (व्याख्या करणे) आणि ‘डेफिनिट’ (निश्चित) हे शब्द कॉक्सहेड यांच्या यादीत दोन स्वतंत्र कुलांत आहेत. याचे कारण काय असावे?

४.५ सारांश

शब्दयादी एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी अर्थ ठेवते. त्यामुळे अर्थाची व्याप्ती, शब्दाची इतर रूपे आणि त्याचे सहप्रयोग दृष्टीआड राहतात. शब्दकुल या तिन्ही गोष्टी एकत्र दाखवते. परीक्षेतील वाचनप्रश्न एकच आशय निरनिराळ्या रूपांनी मांडतात आणि लेखनात शब्दसिद्धी तपासली जाते, म्हणून कुलाचा अभ्यास थेट उपयोगी पडतो. मात्र सदस्य आपोआप येत नाहीत, प्रत्यय अंदाजाने लावता येत नाहीत, काही सदस्य अर्थाने दुरावतात आणि धातूवरून अर्थ काढणे धोक्याचे असते. म्हणून प्रत्येक सदस्य वाक्यात वापरून पाहावा लागतो.

४.६ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

उत्तर १. (अ) ‘चेंज’; एक पत्ता जाऊन दुसरा आला. (आ) ‘व्हेअरी’, एकच भाषा स्थळानुसार निरनिराळी असते.

उत्तर २. ‘देअर इज कन्सिडरेबल व्हेअरिएशन इन फार्म इन्कम.’ आपण ‘कन्सिडरेबली’ तसेच ठेवले असेल तर ४.३.३ मधील (ई) हा भाग पुन्हा वाचावा.

उत्तर ३. ‘रिलायबल’ म्हणजे ज्यावर विसंबता येते असा. ‘रिलायंट’ म्हणजे जो दुसऱ्यावर विसंबून आहे असा. दोन्ही विशेषणे एकाच कुलातील आहेत, पण नात्याची दोन टोके दाखवतात.

उत्तर ४. दोन्ही शब्दांचे मूळ एक असले तरी आजच्या इंग्रजीत ‘डिफाइन’ला प्रत्यय लावून ‘डेफिनिट’ थेट साधला जात नाही आणि दोहोंचे अर्थही वेगळ्या दिशांना गेले आहेत. नाते धातूच्या पातळीवरचे आहे, कुलाच्या पातळीवरचे नाही.

४.७ उपक्रम

पहिल्या उपयादीतील ‘असेस’, ‘इंडिकेट’, ‘इंटरप्रिट’ आणि ‘रिस्पॉन्ड’ ही चार कुले घ्या. ४.३.६ मधील पाच पायऱ्यांनुसार त्यांची चार पाने तयार करा. पुढील संपर्क सत्रात पान झाकून मूळ वाक्य सांगा आणि आपल्या सहाध्यायास त्याचे रूपांतर करण्यास सांगा. जेथे तो अडखळेल, तेथे आपल्या पानावर कोणती नोंद अपुरी आहे ते पाहून ती पूर्ण करा.